आमची वाटचाल : मुंगवड्यांचं पान आणि पोळ्यापासून माघापर्यंतची शांतता

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या गच्चीवर मोसमातल्या पहिल्या मुंगवड्या, म्हणजे मुगाच्या वाळवणाच्या वड्या, खडखडीत वाळल्या होत्या. चाळीस किलो माल डब्यांत भरून ठेवला, वेबसाइटवर स्टॉक टाकला आणि वाट पाहत बसलो. आठ दिवस गेले, पंधरा गेले. पुण्यातल्या नणंदबाईंच्या शेजारणीची ऑर्डर आली, दोन जुन्या गिऱ्हाइकांची आली आणि संपलं. सासूबाई रोज संध्याकाळी एकदा विचारायच्या, "मागच्या साली तर फोनावर फोन येत होते. औंदा काहून नाही येऊन राहिले वं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मागच्या जूनमध्ये मोबाइलवर `mungwadi online` टाकलं की आमचं पान पहिल्याच पानावर, पाचव्या-सहाव्या जागी दिसायचं. आता मी बोट सरकवत सरकवत पार खालपर्यंत गेले, पुढची पानं उघडली, आमचा पत्ताच नाही. आधी वाटलं, कोणी मोठा दुकानदार आला असेल आणि त्याने आम्हाला खाली ढकललं असेल. तसं काही नव्हतं. चूक आमच्याच घरात झाली होती, एका टिकमार्कमुळे, आणि ती होऊन सहा महिने उलटले होते.

त्या टिकमार्कपर्यंत येण्याआधी थोडं मागचं सांगते.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले. घरची शेती कापूस-तुरीची. वाळवण करण्यात सासूबाईंचा हात आधीपासूनच असा की लग्नसराईत रुखवताच्या कुरड्या आणि काडीवर केलेले गव्हाचे सरगुंडे गावभर आमच्याकडूनच जायचे. २०१९ मध्ये मोठ्या जाऊबाई आणि मी मिळून मुंगवड्या, सांडगे, शेवया विकायला सुरुवात केली. आधी आठवडी बाजार, मग नात्यागोत्यातून पुण्या-मुंबईची पार्सलं. खरं गिऱ्हाईक तिकडेच आहे. इथे प्रत्येकाच्या गच्चीवर मुंगवड्या वाळतात, त्या विकत कोण घेणार? पण वर्धा-चंद्रपूरची मुलगी हिंजवडीत नोकरीला गेली, की तिला पावसाळ्यात मुंगवडीचा रस्सा आठवतो आणि तिच्या फ्लॅटला गच्ची नसते.

२०२१ मध्ये एकाकडून वेबसाइट करून घेतली. वेबसाइट वर्डप्रेसवर आणि त्यात दुकान चालवायला वूकॉमर्स, जसं आता सगळे करतात. त्याने मालाचे विभाग आपल्या मनाने पाडले आणि मुंगवड्या ज्या विभागात टाकल्या त्याचं नाव ठेवलं `Sun Dried Delights`. मला तेव्हा ते फार छान वाटलं होतं. इंग्रजीत, शहरी. पान उघडलं की वर हे नाव, खाली चार फोटो. एवढंच.

मग २०२२ च्या सुरुवातीला एका एजन्सीचा फोन आला. महिन्याला आठ हजार, तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर. आम्ही घेतलं. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, त्यात हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की `best sun dried delights samudrapur` या शब्दांना आम्ही एक नंबरला आहोत. आम्ही तो रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवून अभिमानाने पाहायचो. माझा भाचा नागपूरला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. तो होळीला आला आणि रिपोर्ट वाचून हसायलाच लागला. "मामी, हे शब्द जगात कोणी टाइप करतं का?"

त्याने त्याच दिवशी सर्च कन्सोल जोडून दिलं. हे गूगलचंच फुकटचं साधन आहे. तुमचं कुठलं पान कुठल्या शब्दांना गूगलवर दिसलं, किती वेळा दिसलं, कितींनी त्यावर दाबलं आणि सरासरी कितव्या जागी होतं, हे सगळं त्यात मिळतं. थोड्या आठवड्यांत आकडे साचले आणि चित्र स्पष्ट झालं. एजन्सीच्या त्या लाडक्या वाक्याला आम्ही पहिले होतो खरे, पण ते कोणाला दिसलं किती वेळा? दोन. त्यातलं एकदा बहुतेक मीच शोधलं असणार.

बाकी जे काही येत होते ते आमच्या दुकानाचं नाव टाकून येत होते. म्हणजे आधीच ओळखणारी माणसं. त्यांच्यामुळे सरासरी जागा दीड-दोन दिसायची आणि आपण फार वर आहोत असा भास व्हायचा. आता मी आकडे बघायच्या आधी आमचं नाव असलेले शब्द गाळूनच टाकते. `Performance` मध्ये `Query` वर फिल्टर लावून `Queries not containing` निवडायचं आणि नाव टाकायचं. मग जे उरतं तेच खरं नवं गिऱ्हाईक.

ते गाळल्यावर जे उरलं त्यात मात्र सोनं होतं. तळाशी, सत्तराव्या-ऐंशीव्या जागांवर `mungwadi`, `mungwadi online`, `mung wadi vidarbha`, `मुंगवडी`, `mungwadi bhaji`. लोक आमचाच माल आमच्याच शब्दात शोधत होते आणि आमच्या पानावर तो शब्दच नव्हता. फोटोखाली `Moong Lentil Nuggets` लिहिलं होतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये भाच्याने आणि मी ते पान नव्याने बांधलं. एजन्सी तोवर बंद केली होती. काय केलं ते जरा तपशिलात सांगते, कारण पुढची सगळी कहाणी याच पानाची आहे.

पहिली गोष्ट विभागाचं नाव आणि पत्ता. `Sun Dried Delights` मोडून मुंगवड्यांचा स्वतंत्र विभाग केला. पानाचा पत्ताही बदलला आणि जुन्या पत्त्यावर कोणी आलंच तर नव्यावर जावं म्हणून कायमचं वळण, ज्याला ३०१ म्हणतात, ते लावलं. जुन्या पानाला कोणी येतच नव्हतं म्हणून हा बदल बिनधास्त करता आला. चालत्या पानाचा पत्ता असा उठसूट बदलायचा नसतो. पत्त्यात साल टाकायचं नाही हेही तेव्हाच ठरलं, नाहीतर दर उन्हाळ्यात नवं पान आणि दर उन्हाळ्यात शून्यापासून सुरुवात.

दुसरी गोष्ट शीर्षक, म्हणजे गूगलवर निळ्या ओळीत दिसतं ते. आमच्याकडे योस्ट नावाचं प्लगइन आहे, वर्डप्रेसला जोडलेलं, शीर्षकं सांभाळणारं. त्यात हात लावला नाही तर विभागाच्या नावापुढे ते आपोआप `Archives` चिकटवतं. आमचं वर्षभर तसंच होतं. मुंगवड्यांचं दुकान की सरकारी अभिलेखागार? ते बदलून असं केलं:

```
<title>Mungwadi मुंगवड्या – उन्हात वाळवलेल्या, वर्ध्याहून घरपोच</title>
```

दोन्ही लिप्या मुद्दाम ठेवल्या. आपली माणसं मराठीत विचार करतात पण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि गूगल दोन्हींना वेगवेगळी पानं दाखवतो. आमच्या यादीत इंग्रजी अक्षरवाले कितीतरी जास्त होते, पण देवनागरीतून येणारे विकत घेण्यात कमी नव्हते. दोन्ही एकेकदा आलं की पुरे. पाच स्पेलिंगं ओळीने रचली तर वाचणाऱ्याला आपण वेडे वाटतो. आणि हेही लक्षात ठेवावं की गूगलला शीर्षक पटलं नाही तर तो स्वतःच्या मनाने दुसरं लावतो. आमचं बरेचदा आम्ही दिलं तसंच राहिलं, कधी शेपूट कापलं गेलं.

तिसरी गोष्ट पानावरचा मजकूर, आणि इथे आमचे खटके उडाले. एजन्सीने जाताजाता आठशे शब्दांचा एक इंग्रजी निबंध देऊन ठेवला होता, तो मुंगवड्यांच्या वर टाकायचा होता. भाचा म्हणाला, मोबाइलवर उघडून बघा. उघडलं. अंगठ्याने तीनदा सरकवावं तेव्हा पहिला फोटो दिसे. विकत घ्यायला आलेला माणूस तेवढा वेळ निबंध वाचत बसेल? तो फेकून दिला. वर दोनच ओळी ठेवल्या: छिलक्याच्या मुगाच्या, सोडा न घालता, उन्हात वाळवलेल्या. मग लगेच चारही प्रकार, वजन आणि भावासकट. आणि मालाच्या खाली दीड-दोनशे शब्द, जे फोनवर लोक मला रोज विचारतात तेच. चार माणसांच्या रश्शाला शंभर ग्रॅम पुरतात. लसूण-मिरचीची मुंगवडी रश्शाला, साधी खिचडीत टाकायला. हवाबंद डब्यात कशा ठेवाव्यात. रंग एकसारखा का नसतो, तर ऊन रोज सारखं नसतं म्हणून. किती शब्द असले की गूगल खूश होतो असा आकडा नाही, गूगलनेही तसं सांगितलेलं आहे. सासूबाईंनी मला सांगितलेलं "गिऱ्हाइकाले काय पाहिजे ते सांग ना" हेच आम्ही माप धरलं.

मेच्या शेवटापर्यंत पान सत्तराव्या जागेवरून विशीत आलं आणि जूनमध्ये `mungwadi online` ला पहिल्या पानावर. एवढ्या लवकर का, याचं कारण साधं आहे. त्या शब्दाला स्पर्धाच नव्हती. `mungodi` किंवा `moong dal vadi` टाकून बघा, तिथे मोठमोठ्या बाजारांची आणि राजस्थान-मध्य प्रदेशवाल्यांची पानं खच्चून भरलेली. तिथे आम्ही तेव्हाही चाळिसाच्या पुढे होतो आणि आजही आहोत. तो नाद सोडून दिला. `mungwadi` म्हणणारा माणूस विदर्भाचा असतो आणि त्याला आमचीच हवी असते.

आता तो टिकमार्क.

पाऊस लागला की वाळवण बंद. त्या साली मागणी वाढल्यामुळे पोळ्याच्या आधीच शेवटचं पाकीट गेलं. वेबसाइटवर मालाखाली "स्टॉक संपला" असं दिसायला लागलं आणि मला ते बघवेना. दुकानात रिकामे डबे मांडून ठेवल्यासारखं वाटे. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये `Inventory` खाली एक चौकोन असतो: `Hide out of stock items from the catalog`. संपलेला माल लपवा. मी तो टिक केला. भाच्याला विचारलंही नाही, त्यात विचारायचं काय?

मुंगवड्यांचे चारही प्रकार संपलेले होते. ते चारही लपले. पानावर उरली एकच ओळ: `No products were found matching your selection.` वरून आमच्या मेनूत रिकामे विभाग आपोआप गळत होते, त्यामुळे मुखपृष्ठावरून या पानाकडे येणारा दुवाही गेला. आमच्या लेखी दुकान स्वच्छ, नीटनेटकं झालं.

फेब्रुवारीत भाच्याला फोन लावला तेव्हा त्याने सर्च कन्सोलमध्ये वरच्या चौकोनात पानाचा पत्ता टाकायला सांगितलं. उत्तर आलं `URL is not on Google`, आणि कारण म्हणून खाली `Soft 404`. त्याचा अर्थ त्याने असा सांगितला. पान अस्तित्वातच नसेल तर आपला सर्व्हर गूगलला ४०४ म्हणून सांगतो, की असं काही इथे नाही. आमचा सर्व्हर सांगत होता की पान आहे, सगळं ठीक आहे. पण गूगलने आत डोकावून पाहिलं तर माल नाही, काही नाही, वर "काही सापडलं नाही" अशी पाटी. त्याने ठरवलं की हे नावालाच पान आहे आणि यादीतून काढून टाकलं. दार उघडं आहे, दिवा लागलेला आहे, पण घरात माणूस नाही. अशा घरी पाहुणा पाठवणार कोण?

मी म्हटलं, पण खालचा मजकूर तर होता ना? तोही नव्हता. पानाची मांडणी ठरवणाऱ्या आमच्या थीमने तो मालाच्या यादीला जोडून ठेवला होता, यादी गेली तशी तोही गेला. हे मला माझ्या मोबाइलवर कधी दिसलंच नाही, कारण माल संपल्यावर आपलंच पान उघडून बघायला कोण जातं? गूगलला काय दिसतं ते बघायचं तर त्याच जागी `Test live URL` दाबून `View tested page` उघडायचं, त्याने घेतलेला फोटो दिसतो. (आम्ही फेब्रुवारीत बघितलं तेव्हा तर नवा माल चढलेला होता, म्हणून फोटोत सगळं छान दिसत होतं. त्यामुळेच मला आधी कळेना की बिघडलंय काय. भाच्याने मग दोन मिनिटं स्टॉक शून्य करून दाखवलं.)

टिक काढला. मेनूत दुवा कायमचा बसवला. मजकूर यादीपासून वेगळा केला. मग गूगलला पान पुन्हा बघायला सांगणारं `Request Indexing` दाबलं. ते एकदाच दाबायचं असतं, मी घाबरून रोज दाबत होते, त्याने काही होत नाही. पान चारेक दिवसांत गूगलवर परत आलं, पण जुन्या जागेवर नाही. तिसाव्या जागेवर आलं आणि पहिल्या पानावर यायला एप्रिल अर्धा उलटला. चाळीस किलोतला बराच माल त्या दीड महिन्यात आम्ही वर्ध्याच्या दुकानदारांना ठोक भावात काढला. किलोमागे नव्वद-शंभर रुपये कमी मिळाले. माझ्या स्वच्छतेच्या हौसेची ती किंमत.

त्यानंतर माल संपला तरी पान जसंच्या तसं राहतं. चारही फोटो दिसतात, त्यावर "या मोसमाचा माल संपला" आणि वर एक ओळ, की नवीन मुंगवड्या माघात वाळायला लागतील, नंबर ठेवा, कळवतो. विकायला काही नसतानाच्या महिन्यांतही पान आपली जागा धरून राहतं.

ही एक जखम भरते न भरते तोच त्याच उन्हाळ्यात दुसरी आम्हीच केली. कोणीतरी सांगितलं की ब्लॉग लिहा, गूगलला ब्लॉग आवडतो. मी उत्साहाने बसून एक लांबलचक लेख लिहिला: "मुंगवड्या : विदर्भाची खास चव". आजीच्या आठवणी, डाळ रात्री कशी भिजवायची, जाडसर कशी वाटायची, बाजेवर धोतर अंथरून वड्या कशा तोडायच्या, सगळं. लेख खरंच चांगला झाला होता, नात्यातल्या सगळ्यांनी वाचला.

जूनमध्ये बघते तर गूगलवरून येणारी माणसं वाढलेली, ऑर्डरी घटलेल्या. हे कसं? सर्च कन्सोलमध्ये `mungwadi online` या शब्दावर दाबलं आणि मग वरचा `Pages` हा टॅब उघडला. तिथे त्या एका शब्दाला आमची दोन पानं होती. मे महिन्यापर्यंत विभागाचं पान, मग आठवडाभर लेख, मग पुन्हा विभाग, मग पुन्हा लेख. दोन्ही रेषा कात्रीसारख्या एकमेकींना छेदत होत्या. एक वर गेली की दुसरी खाली. गूगलला कळत नव्हतं की या शब्दाला आमच्या घरचं कुठलं पान पुढे करावं, आणि तो दोघींनाही थोडं खाली खाली ठेवत होता. लेखावर आलेला माणूस आजीची गोष्ट वाचून निघून जायचा. तिथे पिशवीत टाकायला काही नव्हतंच.

दोन पानं एकाच शब्दाला दिसणं हे नेहमीच वाईट नसतं. दोन्ही पहिल्या पानावर ठाण मांडून असतील तर उलट चांगलंच. बिघाड ओळखायची खूण म्हणजे ती अदलाबदल, आणि ती सरासरी आकड्यात दिसत नाही, दोन पानांच्या रेषा शेजारी ठेवल्या तरच दिसते.

लेख पुसून टाकायला माझा जीव होईना. भाचाही म्हणाला, पुसू नका, त्याला त्याचं स्वतःचं काम द्या. लेखाचं शीर्षक बदलून "मुंगवड्या घरी कशा करतात" केलं, म्हणजे करू पाहणाऱ्यांनी इकडे यावं. पहिल्या परिच्छेदात विभागाच्या पानाचा दुवा दिला, आणि दुव्याचे शब्द "येथे क्लिक करा" असे न ठेवता "वाळवलेल्या मुंगवड्या" असे ठेवले. त्या शब्दांवरूनच तर गूगलला कळतं की पलीकडे काय आहे. लेखात जिथे जिथे "ऑनलाइन मागवा" छापाची वाक्यं होती ती काढली. साधारण दीड महिन्याने `mungwadi online` ला एकटं विभागाचं पान राहिलं. जी माणसं करायला शिकायला येतात ती लेखावर येतात, आणि खरं सांगायचं तर त्यातली फार थोडी विकत घेतात. ज्याला करायच्या आहेत तो करणारच.

मग लिहायचं काय? याचं उत्तर पिंपरीच्या एका ताईंच्या फोनमधून मिळालं. त्या रागावूनच बोलल्या, "तुमच्या मुंगवड्या अर्धा तास शिजवल्या तरी दगड." मी विचारलं, टोमॅटो कधी टाकला? म्हणाल्या, सुरुवातीलाच, कांद्यासोबत. तिथेच घोळ होता. आंबट आधी पडलं की डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. मुंगवड्या आधी तेलात तांबूस परतायच्या, मग गरम पाणी घालून शिजवायच्या, आणि टोमॅटो किंवा चिंच त्या मऊ झाल्यावर. ताईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या आणि फोटो पाठवला.

त्यावर साडेतीनशे शब्दांचा छोटा लेख लिहिला: "मुंगवड्या कडक का राहतात?" तो पहिल्या लेखाचा चौथा हिस्साही नाही. पण हा प्रश्न लोक खरंच टाकतात, अगदी `mungwadi hard after cooking` असाही, आणि त्याचं नीट उत्तर आमच्याआधी कोणी लिहिलेलं नव्हतं. आठवड्याभरात तो वर आला. गंमत म्हणजे त्यावर येणाऱ्यांच्या हातात बहुतेक दुसऱ्या कोणाच्या मुंगवड्या असतात. त्या संपल्या की काहीजण आमच्याकडे येतात. आता माझा नियम हाच आहे: फोनवर एकच प्रश्न तीनदा आला की त्यावर लिहायचं. स्वतःहून विषय सुचला तर सहसा लिहीत नाही.

एक फसलेला प्रयोगही सांगून टाकते. जवसाची चटणी विकायला काढली तेव्हा "जवसाचे फायदे" असा लेख टाकला. दिसला पुष्कळ, दाबलं कोणी नाही. त्या शब्दाला दवाखान्यांची, डॉक्टरांची पानं वर असतात, ती असायलाच हवीत, आणि उत्तरही गूगल वरच्या वर दाखवून टाकतो. शिवाय खाण्याच्या मालावर औषधी दावे करणं आपल्याला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. तो लेख काढला.

सरगुंड्यांच्या वेळी वेगळा प्रश्न आला. त्यांचा विभाग करायचा का? आमच्याकडे सरगुंड्यांचा एकच प्रकार, गव्हाचा, अर्धा किलोचा. एका मालासाठी विभागाचं पान केलं तर विभागावर आणि मालाच्या पानावर तेच ते, म्हणजे पुन्हा कात्री. म्हणून विभाग केलाच नाही. मालाच्याच पानाचं शीर्षक नीट केलं, काडीवरून सरगुंडा उतरवतानाचा फोटो टाकला आणि आंब्याच्या रसासोबत कसे खातात ते लिहिलं. पुढे तीन-चार प्रकार झाले तर बघू.

हिशोबाचं म्हणाल तर २०२४ पासून तो सोपा झाला. त्या जानेवारीत वूकॉमर्समध्येच सोय आली की प्रत्येक ऑर्डरसमोर ती कुठून आली ते दिसतं. `Organic: Google` असेल तर ती फुकटची, जाहिरातीशिवाय आलेली. त्या मोसमात, मार्च ते जून, वेबसाइटवरच्या दर तीन ऑर्डरींत जवळपास एक अशी होती. पण यात एक भोक आहे. अनेक जण गूगलवरून पान बघतात आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर देतात. ती या मोजणीत येत नाही. म्हणून जाऊबाई पार्सल बांधताना वहीत एक खूण करतात, "ताई, आमचा नंबर कुठून मिळाला?" हे विचारून.

आणि मागच्या महिन्याशी तुलना आम्ही कधीच करत नाही. श्रावणात आकडे पडतात ते मुंगवड्यांचा मोसम सरला म्हणून, आपलं काही बिघडलं म्हणून नाही. जून बघायचा तर मागच्या जूनसमोर ठेवून. सर्च कन्सोल सोळाच महिने मागचं दाखवतं, त्यामुळे दर वर्षी जुलैच्या पहिल्या रविवारी मी मोसमाचे आकडे उतरवून घेते. आधी वहीत लिहायचे, आता भाच्याने एक्सेल शिकवलंय.

यंदाचा माल गणपतीच्या आधी संपला. पानावर "संपला" लागलंय, फोटो जागेवर आहेत, आणि "कळवा" म्हणून आतापर्यंत त्रेसष्ट जणांनी नंबर ठेवलेत. काल सासूबाईंना ती यादी वाचून दाखवली. त्यांनी नावं ऐकली नाहीत, गावं ऐकली. पुणे, ठाणे, हैदराबाद, पुणे, भिलाई. मग म्हणाल्या, "त्रेसष्ट माणसं म्हणजे मूग किती लागंन ते आधी सांग. मागच्या साली उशिरा घेतले त महाग पडले." आज मी हिंगणघाटच्या बाजारात भाव विचारायला चालले आहे.